लूप चेक आणि पॉइंट-टू-पॉइंट तपासणी: नव्या प्लांटमध्ये पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

नव्या प्लांटची उभारणी संपत आली, उपकरणे बसली, केबल ओढून झाल्या आणि कंट्रोल रूममधील पडदे सुरू झाले, की इन्स्ट्रुमेंटेशन विभागाचे सर्वांत चिकाटीचे काम सुरू होते. प्रत्येक ट्रान्समीटर, स्विच, सोलेनॉइड आणि कंट्रोल वाल्व आपापल्या टॅगखाली पडद्यावर बरोबर दिसतो का आणि पडद्यावरून दिलेला आदेश नेमक्या त्याच वाल्वपर्यंत पोहोचतो का, हे एकेक करून सिद्ध करावे लागते. या कामाचे दोन भाग आहेत. उपकरणाच्या टर्मिनलपासून जंक्शन बॉक्स आणि मार्शलिंग पॅनेलमार्गे आय/ओ कार्डच्या चॅनेलपर्यंत प्रत्येक तार योग्य जागी पोहोचली आहे, हे पाहणे म्हणजे पॉइंट-टू-पॉइंट तपासणी. त्यानंतर सगळे जोडलेल्या अवस्थेत, उपकरणाला खरा दाब, खरी पातळी किंवा खरा आदेश देऊन दुसऱ्या टोकाला काय घडते ते पाहणे म्हणजे लूप चेक. या कामासाठी आयईसी ६२३८२ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि मोठ्या प्रकल्पांतील तपासणी-पत्रके बहुधा त्याच धर्तीवर बेतलेली असतात.

या लेखात एकच लूप पूर्णपणे तपासून पाहू. ऑरिफिस प्लेटवरील फ्लो ट्रान्समीटर FT-2101, त्याचा कंट्रोलर FIC-2101 आणि कंट्रोल वाल्व FV-2101 हे या लूपचे तीन घटक आहेत. फ्लो लूप निवडण्याचे कारण असे, की अर्धवट तपासणी किती सहज फसवू शकते हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही लूप दाखवत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

प्रत्येक लूपचे एक फोल्डर असते. त्यात लूप ड्रॉइंग, त्या भागाचा पी अँड आयडी, उपकरणाची डेटाशीट, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि केबलच्या तपासणीचा अहवाल असावा लागतो. फोल्डर हातात आले की आधी टेबलावर बसून एक तुलना करावी. डेटाशीटमधील रेंज, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरील रेंज, ट्रान्समीटरच्या पट्टीवरील रेंज आणि डीसीएसमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममधील नियंत्रण प्रणालीत, भरलेली रेंज या चारही जुळतात का, हे पाहावे. आपल्याकडे दाबासाठी केजी प्रति चौरस सेंटिमीटर हे एकक अजूनही सर्रास वापरतात, तर आयात केलेल्या उपकरणाची पट्टी बारमध्ये असते. १० केजी प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९.८१ बार. हा दोन टक्क्यांचा फरक पुढे कुणाच्या सहज लक्षात येत नाही, कारण दोन्हीकडे आकडा १० असाच लिहिलेला असतो.

केबलची इन्सुलेशन तपासणी या टप्प्याच्या आधीच झालेली असावी. ती मेगरने, सहसा २५० किंवा ५०० व्होल्टवर करतात आणि त्या वेळी केबलची दोन्ही टोके उपकरणापासून व कार्डापासून सोडवलेली असणे बंधनकारक आहे, कारण तो व्होल्टेज ट्रान्समीटरच्या किंवा आय/ओ कार्डाच्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. अहवालावर सही दिसली म्हणून समाधान मानू नये. तपासणीनंतर तारा पुन्हा कुणी जोडल्या आणि कोणत्या टर्मिनलवर जोडल्या, हेही विचारावे, कारण तारांची अदलाबदल अनेकदा या फेरजोडणीतच होते.

पॉइंट-टू-पॉइंट: तार जिथे म्हटली आहे तिथेच आहे का

या कामाला दोन माणसे लागतात. एक उपकरणाजवळ असतो, दुसरा मार्शलिंग पॅनेलपाशी, आणि दोघांकडे वॉकी-टॉकी व लूप ड्रॉइंगची तीच आवृत्ती असते. पॅनेलमधील त्या लूपचे नाइफ टर्मिनल उघडून कार्ड बाजूला करावे. उपकरणापाशी दोन्ही तारा सोडवून त्यांची टोके एकमेकांना जोडावीत, म्हणजे पॅनेलपाशी मल्टिमीटरवर केबलचा रोध दिसतो. टोके वेगळी केली की तोच मीटर ओपन सर्किट दाखवतो. हे जोडणे आणि तोडणे दोन्ही पाहिले पाहिजे. नुसती सलगता दिसली तर ती मधल्या जंक्शन बॉक्समध्ये कुठेतरी झालेल्या शॉर्टचीही असू शकते. त्यानंतर एकच तार अर्थला टेकवून तीच तार पॅनेलपाशी अर्थशी सलग दिसते का ते पाहिले, की प्लस आणि मायनस यांची खात्री होते. हे सारे करत असताना दोन्ही टोकांवरील आणि जंक्शन बॉक्समधील फेरूलवरचे क्रमांक ड्रॉइंगशी ताडून पाहावेत आणि प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. स्क्रू घट्ट आहे, पण तो तारेऐवजी इन्सुलेशनवर आवळला आहे, असा दोष या ओढण्यानेच सापडतो.

शील्डकडे नवखे लोक सहसा लक्ष देत नाहीत. शील्ड एकाच टोकाला, बहुधा पॅनेलच्या बाजूला, अर्थ केलेली असते आणि उपकरणाच्या बाजूला ती कापून इन्सुलेट केलेली असते. दोन्ही टोकांना अर्थ झाली तर त्या वाटेने प्रवाह फिरतो आणि मोठ्या मोटारी किंवा व्हीएफडी सुरू झाल्यावर रीडिंग थरथरू लागते. कमिशनिंगच्या या टप्प्यावर मोटारी बंद असतात, त्यामुळे पडद्यावर सगळे शांत दिसते. म्हणून पॅनेलमध्ये ती शील्ड अर्थ बारवरून सोडवावी आणि ती शील्ड व अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. ओपन दिसले तर ठीक. सलगता दिसली तर कुठल्यातरी ग्लँडमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये शील्ड धातूला टेकली आहे. कोकणातल्या औद्योगिक वसाहतींत पावसाळ्यात हे काम चालू असेल तर जंक्शन बॉक्स उघडल्यावर आत ओल आहे का तेही पाहावे आणि न वापरलेल्या ग्लँडच्या छिद्रांना प्लग बसवून घ्यावेत.

तारा बरोबर ठरल्या की पॅनेलपाशीच कॅलिब्रेटरने कार्डाच्या चॅनेलला ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन पडद्यावर ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के दिसतात का ते पाहावे. डीसीएसमध्येच वर्गमूळ घेणाऱ्या फ्लोच्या चॅनेलवर पडदा मधल्या बिंदूंवर याहून मोठे आकडे दाखवेल; त्याचे कारण पुढे येते. इथे एक शिस्त पाळावी. पडद्यासमोरच्या माणसाला किती प्रवाह दिला आहे ते आधी सांगू नये. त्याने दिसलेला आकडा स्वतः वाचून सांगावा आणि शेजारच्या टॅगपैकी दुसरा कोणताही आकडा हलला नाही ना, हेही सांगावे. अपेक्षित आकडा आधी कळला की ४९.२ हा आकडासुद्धा ‘पन्नास, ओके’ म्हणून नोंदवला जातो.

इनपुट लूप: FT-2101

आता नाइफ टर्मिनल बंद करावे, उपकरणाच्या तारा जोडाव्यात आणि २४ व्होल्ट पुरवठा द्यावा. पडद्यावर बॅड व्हॅल्यू दिसली आणि लूपमध्ये प्रवाहच नसेल, तर ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावा. तिथे शून्य असेल तर तार तुटलेली आहे किंवा फ्यूज गेलेला आहे. साधारण २४ व्होल्ट, पण मीटरवर उणे चिन्हासह दिसले, तर तारा उलट्या आहेत. दोन तारांचा ट्रान्समीटर उलट जोडला तर तो सहसा बिघडत नाही, पण प्रवाहही वाहू देत नाही.

ट्रान्समीटर जिवंत झाल्यावर बरेच जण हार्ट कम्युनिकेटर लावतात, लूप टेस्ट निवडतात, ४, १२ आणि २० मिलिअँपिअर सोडतात आणि पडद्याशी जुळल्यावर पत्रकावर सही करतात. ही तपासणी खोटी नाही, पण ती अपुरी आहे. कम्युनिकेटर ट्रान्समीटरला ‘इतका प्रवाह बाहेर सोड’ असे सांगतो. ट्रान्समीटर स्वतः दाब मोजून त्याचा प्रवाह कसा करतो, हा प्रश्न त्यात तपासलाच जात नाही. ट्रान्समीटरची रेंज ० ते १६ बार आणि डीसीएसची ० ते १० बार असली, तरी १२ मिलिअँपिअरला पडदा निमूटपणे ५ बार दाखवतो. प्रत्यक्ष दाब मात्र ८ बार असतो.

म्हणून खरा दाब द्यायचा. FT-2101 ची डिफरन्शियल प्रेशर रेंज ० ते २५०० मिलिमीटर पाण्याचा स्तंभ आणि फ्लोची रेंज ताशी ० ते ५० घनमीटर आहे, असे धरू. मॅनिफोल्डचे दोन्ही आयसोलेशन वाल्व बंद करावेत आणि इक्वलायझिंग वाल्व उघडून शून्य पाहावे. मग इक्वलायझिंग वाल्व बंद करावा, लो बाजूचा व्हेंट हवेत उघडा ठेवावा आणि हाय बाजूच्या व्हेंटला कमी दाबाचा हातपंप व संदर्भ गेज जोडावा. इक्वलायझिंग वाल्व उघडा राहिला तर पंपाने दाब चढतच नाही, आणि नवखा माणूस गळतीच्या शोधात वेळ घालवतो.

ऑरिफिस प्लेटवर फ्लो हा दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून या लूपमध्ये कुठेतरी एकदा वर्गमूळ घ्यावे लागते.

```
Q = 50 × √(ΔP / 2500)
```

ते ट्रान्समीटरमध्ये घ्यायचे की डीसीएसमध्ये, हे प्रकल्पाने ठरवलेले असते. ट्रान्समीटर एका विक्रेत्याकडून, त्याचे कॅलिब्रेशन दुसऱ्या हातून आणि डीसीएसचे कॉन्फिगरेशन तिसऱ्याकडून आले, की ते दोन्हीकडे घेतले जाणे किंवा कुठेच न घेतले जाणे अगदी शक्य असते. तिन्ही स्थितींत पडदा काय दाखवेल ते पाहा:

| दिलेला दाब (मिमी पाणी) | एकदा वर्गमूळ (बरोबर) | दोनदा वर्गमूळ | वर्गमूळ नाही |
|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० |
| ६२५ | २५.० | ३५.४ | १२.५ |
| १२५० | ३५.४ | ४२.० | २५.० |
| १८७५ | ४३.३ | ४६.५ | ३७.५ |
| २५०० | ५०.० | ५०.० | ५०.० |

शून्य आणि शंभर टक्क्यांना तिन्ही रकाने सारखेच आहेत. फक्त दोन टोके तपासणारा माणूस या तीनपैकी कोणतीही स्थिती ‘बरोबर’ म्हणून सोडून देईल. चूक सगळ्यांत ठळक दिसते ती ६२५ मिलिमीटरला, कारण तिथे खरा फ्लो २५ असायला हवा. तो ३५.४ दिसला तर वर्गमूळ दोनदा घेतले आहे आणि १२.५ दिसला तर एकदाही नाही. दोष कोणत्या बाजूला आहे ते शोधण्यासाठी लूपमधला प्रवाह मोजावा. ६२५ मिलिमीटरला ८ मिलिअँपिअर मिळाले तर ट्रान्समीटर रेषीय आहे, १२ मिळाले तर ट्रान्समीटर वर्गमूळ घेत आहे. मग लूप ड्रॉइंग जे सांगते त्याप्रमाणे दुरुस्ती करावी. जे बदलायला सोपे ते बदलून मोकळे होऊ नये, कारण त्या ट्रान्समीटरच्या जागी पुढे कधीतरी नवा बसेल आणि तो ड्रॉइंग पाहूनच कॉन्फिगर केला जाईल.

दाब चढवताना पाच बिंदू घ्यावेत आणि उतरवतानाही घ्यावेत. १६ मिलिअँपिअरपर्यंत सगळे जुळते, पण २० ऐवजी प्रवाह १८च्या आसपास अडकतो, असे दिसले तर दाबाची गळती शोधण्याआधी लूपचा रोध पाहावा. ट्रान्समीटरला चालण्यासाठी समजा किमान १२ व्होल्ट लागतात. मग २४ व्होल्टच्या पुरवठ्यातून उरलेले १२ व्होल्ट २२ मिलिअँपिअरला जास्तीत जास्त सुमारे ५४५ ओहम रोध झेलू शकतात. कार्डाचे २५० ओहम, बॅरियर आणि लांब केबल यांची बेरीज त्यापलीकडे गेली, की वरच्या टोकाला प्रवाह पुरत नाही. प्रवाह वाढतो तसा रोधावरचा व्होल्टेजही वाढतो, म्हणून हा दोष खालच्या बिंदूंवर दिसत नाही.

शेवटी एक तार काढून पडद्यावर बॅड व्हॅल्यूचा अलार्म येतो का ते पाहावे. नामूर एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा मापनाचा पट्टा आहे, तर ३.६ आणि त्याखालील किंवा २१ आणि त्यावरील प्रवाह म्हणजे बिघाड. ट्रान्समीटर बिघाडाच्या वेळी वर जाणार की खाली आणि डीसीएस त्याचा अर्थ काय लावणार, हे दोन्हीकडे एकच ठरलेले असले पाहिजे. नाहीतर ट्रान्समीटर नादुरुस्त झाल्यावर कंट्रोलर त्याला खरा जास्तीचा फ्लो समजून वाल्व बंद करत जातो.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. हातपंप ट्रान्समीटरच्या तोंडाशी जोडलेला असतो, त्यामुळे इम्पल्स लाइनची अदलाबदल या तपासणीत सापडत नाही. ऑरिफिसच्या अपस्ट्रीम टॅपपासून हाय बाजूपर्यंत लाइन डोळ्यांनी, हात लावत, शेवटपर्यंत पाहावी. प्लेटही योग्य दिशेने बसली आहे का, आणि पाइप फ्लशिंगसाठी ती काढली असेल तर परत बसली का, याची नोंद पंच लिस्टमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या आणि दोषांच्या यादीत, वेगळी ठेवावी.

आउटपुट लूप: FV-2101

इथे दिशा उलटी होते. पडद्यावरून कंट्रोलर मॅन्युअलमध्ये ठेवून ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के आदेश द्यावेत, आणि वाल्वपाशी उभ्या असलेल्या माणसाने पोझिशनरच्या पडद्याऐवजी स्टेमवरची पट्टी वाचून सांगावी. पोझिशनर स्वतःला काय वाटते ते दाखवतो. त्याची लिंकेज सैल असेल तर त्याचे वाटणे आणि स्टेमची जागा वेगळी असू शकते. वाल्व ९० टक्क्यांपुढे जात नसेल तर आधी एअर रेग्युलेटरवरील दाब वाल्वच्या नेमप्लेटशी ताडून पाहावा. चढताना आणि उतरताना एकाच आदेशाला स्टेम वेगवेगळ्या जागी थांबत असेल, तर पॅकिंग जास्त आवळलेले असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर येते ते या भागातले सर्वांत महत्त्वाचे काम. आदेश ५० टक्क्यांवर असताना आधी सिग्नलची तार काढावी, मग ती जोडून हवेचा पुरवठा बंद करावा, आणि दोन्ही वेळा वाल्व कुठे जातो ते पाहावे. FV-2101 फेल क्लोज असेल तर तो दोन्ही वेळा बंद झाला पाहिजे. फेल ओपन वाल्वच्या बाबतीत इथे एक फसवी चूक दडलेली असते. ऑपरेटरला पडद्यावर नेहमी १०० टक्के म्हणजे उघडा असे दिसावे, म्हणून अशा वाल्वचे आउटपुट डीसीएसमध्ये उलटवतात: बंद करण्यासाठी २० मिलिअँपिअर आणि उघडण्यासाठी ४. हे उलटवणे डीसीएसऐवजी वाल्वजवळच्या आय टू पी कन्व्हर्टरमध्ये केले गेले, तर पडद्यावरून वाल्व अगदी हवा तसा हलतो आणि पाचही बिंदू जुळतात. सिग्नल तुटल्यावर मात्र शून्य प्रवाहाला कन्व्हर्टर पूर्ण हवा देतो आणि उघडायला हवा असलेला वाल्व घट्ट बंद होतो. तार काढून पाहिल्याशिवाय हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

दोन्ही बाजू झाल्या की त्या एकत्र तपासाव्यात. FT-2101 ला ६२५ मिलिमीटर दाब देऊन फ्लो २५ वर आणावा, सेट पॉइंट २५ ठेवावा आणि कंट्रोलर ऑटोमध्ये घालावा. आता पंपाने दाब थोडा वाढवावा. फ्लो वाढल्यासारखा दिसेल आणि कंट्रोलरने वाल्व बंद करायला सुरुवात केली पाहिजे. वाल्व उघडू लागला तर कंट्रोलरची ॲक्शन उलटी आहे. ही चूक कोरड्या प्लांटमध्ये एका मिनिटात दुरुस्त होते. तीच पाइपमध्ये द्रव वाहत असताना उघडकीस आली, तर वाल्व पूर्ण उघडेपर्यंत थांबत नाही.

स्विच आणि सोलेनॉइड

डिजिटल पॉइंट सोपे वाटतात आणि म्हणूनच घाईत उरकले जातात. प्रेशर स्विचच्या टर्मिनलवर तारेचा तुकडा लावून पडद्यावरचा रंग बदलतो हे दाखवणे म्हणजे फक्त केबलची तपासणी झाली. सुरक्षेचे संपर्क बहुधा निरोगी स्थितीत बंद असतात आणि अलार्मला उघडतात, म्हणजे तार तुटली तरी अलार्म येतो. स्विचमध्ये नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज असे दोन्ही संपर्क असतात, आणि चुकीची जोडी निवडली गेली आहे की नाही, हे खरा दाब सेट पॉइंटपलीकडे नेल्यावरच कळते. ऑन-ऑफ वाल्वच्या बाबतीत सोलेनॉइडला आदेश देऊन वाल्व प्रत्यक्ष फिरवावा आणि ‘उघडा’ व ‘बंद’ हे दोन्ही लिमिट स्विच योग्य टोकालाच लागतात का ते पाहावे. ट्रिप आणि इंटरलॉकची साखळी मात्र लूप चेकमध्ये मिसळू नये. ती कॉज अँड इफेक्ट तक्त्यानुसार, सगळे लूप पार पडल्यानंतर, स्वतंत्रपणे तपासायची असते.

सही करण्यापूर्वी

लूप पूर्ववत करणे हा तपासणीचाच भाग आहे. कम्युनिकेटरने ठेवलेला स्थिर प्रवाह काढला आहे का, हे ट्रान्समीटरच्या स्टेटसवर पाहावे, कारण त्या अवस्थेत विसरलेला ट्रान्समीटर प्रक्रियेत काहीही घडले तरी तोच निश्चल आकडा दाखवत राहतो. डीसीएसमध्ये लावलेले प्रत्येक फोर्स, म्हणजे हाताने बसवलेले कृत्रिम मूल्य, एका वहीत टॅग, वेळ आणि लावणाऱ्याच्या नावासह नोंदवावे आणि काढल्यावर त्यासमोर दुसऱ्या माणसाची सही घ्यावी. मॅनिफोल्ड, व्हेंट प्लग, जंक्शन बॉक्सचे झाकण आणि शील्डची अर्थ जोडणी हे सगळे जागेवर आले की पत्रकात पाचही बिंदूंचे प्रत्यक्ष आकडे, वापरलेल्या कॅलिब्रेटरचा क्रमांक आणि लूप ड्रॉइंगची आवृत्ती लिहावी. नुसती ‘ओके’ची खूण पुढच्या माणसाला काहीही सांगत नाही. दोष आढळला तर तो पंच लिस्टमध्ये टॅगसह नोंदवून, दुरुस्तीनंतर ज्या टोकापासून बदल झाला त्या टोकापासून पुन्हा तपासणी करावी.

सही झाल्यानंतर त्या लूपमधील ट्रान्समीटर बदलला, रेंज बदलली, तार दुसऱ्या चॅनेलवर हलवली किंवा पेंटिंगच्या कामासाठी वाल्वचा पोझिशनर काढून परत बसवला, तर जुने पत्रक रद्द समजावे आणि फोल्डरवर तसे ठळक लिहून तो लूप पुन्हा तपासणीच्या यादीत घालावा.